आडनाव एक, भावंडं अनेक

दुकानात सकाळी कोणी ‘एक लिटर प्रमाणित दूध द्या’ असं म्हणत नाही. ‘एक गोकुळ द्या’ म्हणतो, किंवा ‘एक चितळे, निळी पिशवी’. संध्याकाळी तोच माणूस ‘चितळेंचं दही आहे का?’ असं विचारतो. त्या दोन शब्दांत सगळा हिशेब उरकलेला असतो. आधी घराण्याचं नाव, मग वस्तूचं. मोठ्या डेअऱ्यांना ही सवय लागायला कित्येक वर्षं लागली. गावातल्या छोट्या डेअरीकडे तेवढी वर्षं नसतात, आणि तिथे नावं ठेवली जातात ती बहुधा एकेक करून, त्या त्या वेळच्या लहरीनं. दुधाला चेअरमनसाहेबांनी सुचवलेलं नाव. दोन वर्षांनी दही आलं, तर त्याला मॅनेजरच्या पसंतीचं नाव. तूप दिवाळीत काढलं म्हणून त्याला एखादं सणासुदीचं विशेषण. पाच वर्षांनी दुकानाच्या फ्रीजमध्ये एकाच गोठ्यातून आलेल्या चार वस्तू चार परक्या माणसांसारख्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाला त्यांचं नातं कळत नाही.

खरं तर या वस्तूंचं नातं जाहिरातवाल्यांनी जुळवलेलं नाही, ते जन्माचंच आहे. म्हशीचं एक हजार किलो दूध डेअरीत आलं आणि त्याचं फॅट ७ टक्के लागलं असं धरू. ‘फुल क्रीम’ म्हणून विकायच्या दुधाला कायद्यानं किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरणारे घन पदार्थ, लागतात. डेअरी दूध बरोबर ६ टक्क्यांवर आणते, त्यासाठी सेपरेटरमधून सुमारे २९ किलो साय काढून घेते. या सायीत ४० टक्के फॅट असेल तर ते होतं पावणेबारा किलोच्या आसपास, आणि कढवताना थोडी घट धरली तरी त्यातून जवळपास ११ किलो तूप हाती येतं. उरलेलं साधारण ९७० किलो दूध पिशव्यांत जातं. त्यातलं काही विरजलं की दही, आणि दह्यात पाणी घालून घुसळलं की पिशवीतलं ताक. (घरचं ताक लोणी काढल्यावर मागे उरतं. डेअरीचं ताक बहुतेक वेळा मुद्दाम ताक म्हणूनच केलेलं असतं.)

या आकड्यांतून नावाच्या दृष्टीनं एक गोष्ट निघते. हजार किलोतलं तूप जेमतेम ११ किलो, पण सगळ्यात लांब जाणारं तेच. दूध दोन दिवसांत संपायला हवं, त्यामुळे ते तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूबाहेर फारसं जात नाही. ज्या घरात जातं त्या घरानं डेअरी पाहिलेली असते, निदान तिचा टेम्पो तरी. दही-ताकाचंही तसंच. तुपाचा डबा मात्र मुलीच्या सासरी पुण्याला जातो, मुलाबरोबर दुबईला जातो, कोणाच्या तरी लग्नात अहेर म्हणून फिरतो. तो ज्याच्या हाती पडतो त्यानं ना गाव पाहिलेलं असतं, ना दूध चाखलेलं. म्हणून दुधाचं नाव सवयीवर चालतं आणि तुपाचं नाव एकट्यानं उभं राहावं लागतं. कुटुंबाचं नाव ठरवताना समितीच्या डोळ्यांसमोर दुधाची पिशवी असते. माझ्या मते समोर तुपाचा डबा ठेवावा आणि त्यावर ते नाव वाचून पाहावं. तिथे जे शोभतं ते पिशवीवरही चालतं. उलट नेहमी होतंच असं नाही.

एका मोठ्या घरातली नावं या नजरेनं वाचून पाहण्यासारखी आहेत. १९४६ साली गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात जो दूध उत्पादक संघ उभा राहिला, त्याचं ‘अमूल’ हे नाव ‘अमूल्य’वरून आलेलं. आडनाव सर्वत्र तेच. पण पुढची नावं सगळ्यांना नाहीत, आणि ती कोणाला आहेत हे पाहिलं की ठेवणाऱ्यांची समज दिसते. दुधाला आहेत: ६ टक्के फॅटचं ते गोल्ड, ४.५ टक्क्यांचं शक्ती, ३ टक्क्यांचं ताजा. कारण ही तीन दुधं पिशवीत पाहून ओळखता येत नाहीत. तिन्ही पांढरीच. दही आणि मसाला ताक या दोघांना मिळून एकच नाव आहे, मस्ती. आई-लेकरांचं एक नाव असल्यासारखं, आणि ते खरंही आहे, कारण ताक दह्यातूनच येतं. तूप मात्र तूपच. त्याला टोपणनाव नाही. त्याच गुजरात महासंघाचा ‘सागर’ हा दुसरा ब्रँडही आहे, तूप आणि दूधभुकटीसाठी. म्हणजे इतक्या मोठ्या घरातही एक शाखा वेगळ्या आडनावानं राहते. त्याकडे पुढे यायचं आहे.

गावच्या डेअरीनं यातून घ्यायचा नियम सोपा आहे. ज्या वस्तू नजरेला सारख्या दिसतात त्यांनाच स्वतःचं नाव द्यावं. दोन प्रकारचं दूध असेल तर दोन नावं हवीत, पण दही एकच प्रकारचं असेल तर ‘दही’ एवढंच पुरे. लोकांच्या तोंडी तसाही तोच शब्द येणार आहे.

आता आडनाव. महाराष्ट्रातल्या डेअऱ्यांकडे पाहिलं तर ते तीन-चार जागांहूनच येताना दिसतं. कृष्णाच्या गोष्टीतून आलेलं गोकुळ, १९६३ साली सुरू झालेल्या कोल्हापूरच्या जिल्हा संघाचं, आणि मंचरचं गोवर्धन. नदीचं किंवा जागेचं: वारणा, पुण्याचं कात्रज, मुंबईचं आरे. माणसाच्या आडनावाचं: सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत १९३९ साली सुरू झालेलं चितळे. यातल्या प्रत्येक वाटेला स्वतःची खोच आहे.

पुराणातलं नाव सगळ्यांचंच असतं, म्हणून ते पुरतं आपलं कधी होत नाही. कर्नाटकच्या दूध महासंघाचा ‘नंदिनी’ ब्रँड १९८५ पासूनचा. बंगळुरातल्या एका हॉटेलवाल्यांनी १९८९ पासून ‘नंदिनी डिलक्स’ हे नाव वापरलं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘एच’ची भर घालून. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ च्या जुलैत निकाल हॉटेलच्या बाजूनं लागला. नंदिनी हे देवीचं आणि पुराणातल्या गायीचं नाव आहे, कोणी घडवलेला शब्द नाही, आणि दोघांचा माल नोंदणीच्या एकाच वर्गात येतो एवढ्यावरून त्या सबंध वर्गावर एकाची मक्तेदारी होत नाही, असा निकालाचा आशय होता. दूध आणि दुधाचे पदार्थ मात्र हॉटेलच्या नोंदणीतून बाहेर राहिले. इतक्या मोठ्या महासंघाला हे मिळालं नाही, तिथे ‘कामधेनू’, ‘सुरभी’, ‘कपिला’ अशी नावं घेऊन उभ्या राहणाऱ्या गावच्या संस्थेनं समजून असावं. नाव सुंदर आहे, पण शेजारच्या तालुक्यात कोणी तेच घेतलं तर रोखणं अवघड जाईल.

जागेच्या नावाची अडचण वेगळी. केवळ ठिकाण सांगणारा शब्द ट्रेडमार्क कायदा सहसा सुरुवातीलाच नोंदवून घेत नाही. लोकांच्या मनात तो शब्द त्याच मालाशी जोडला गेला आहे, हे आधी दाखवावं लागतं. आणि नेत्याचं नाव? आपल्याकडे ‘दादासाहेब’ किंवा ‘मातोश्री अमुक’ हे संस्थेला शोभतं, पिशवीला नाही. संचालक मंडळ पाच वर्षांनी बदलतं, पिशवीचं नाव तेवढ्या सहजी बदलता येत नाही.

आता एक डेअरी कल्पनेत उभी करू. मिरज तालुक्यातलं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेलं एक गाव. दिवसाला दोन हजार लिटर दूध, त्यात म्हशीचं जास्त, गायीचं थोडं कमी. विकायच्या वस्तू पाच: म्हशीचं फुल क्रीम दूध, गायीचं दूध, दही, ताक, तूप. बाजार मिरज-सांगलीचा आणि थोडा हद्दीपलीकडचा. समितीपुढे काही नावं आली आहेत.

पहिलं नाव ‘गोधारा’. ऐकायला बरं आहे, पण डेअरीत म्हशीचं दूध जास्त. लेबलवर ठळक ‘म्हशीचे दूध’ छापावं लागणार आणि त्याच्या डोक्यावर ‘गो’ बसणार. गोकुळला हे चालतं, कारण गोकुळ म्हटल्यावर आता कोणाच्या मनात आधी गाय येत नाही, पिशवी येते. नव्या नावाला ती सोय नाही. शिवाय गायीचं तूप पिवळसर असतं आणि म्हशीचं पांढरं. ‘गोधारा तूप’ म्हणून पांढरं तूप निघालं की पहिल्याच महिन्यात दुकानदाराचा फोन येणार.

दुसरं, ‘ताजे’. हे टाकून द्यायला दोन कारणं आहेत. पहिलं व्याकरणाचं, आणि ते फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. दूध, दही, ताक, लोणी, तूप हे सगळे शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहेत, त्यामुळे पहिली काही वर्षं विशेषण छान बसतं: ताजे दूध, ताजे दही, ताजे तूप. मग लस्सी येते, बासुंदी येते, खवा येतो आणि घराण्याचं आडनाव ‘ताजी’ आणि ‘ताजा’ व्हायला लागतं. आडनाव रूप बदलू लागलं की ते आडनाव राहत नाही. म्हणून कुटुंबाचं नाव नाम असावं, विशेषण नसावं.

दुसरं कारण भावंडांचं. एका वस्तूला ‘शुद्ध’ म्हटलं की बाकीच्यांवर आपोआप संशय येतो. तुपाच्या डब्यावर ‘शुद्ध’ आणि दुधाच्या पिशवीवर नुसतं ‘दूध’ असेल, तर गिऱ्हाईक बोलून दाखवणार नाही, पण विचार करेल. कायदाही इथे सैल नाही. जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार ब्रँडच्या नावात शुद्ध, नैसर्गिक, ताजे, पारंपरिक, अस्सल अशा अर्थाचे शब्द असतील आणि त्यामुळे ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर ‘हे केवळ ब्रँडचे नाव आहे, मालाचे खरे स्वरूप नव्हे’ अशा आशयाची सूचना किमान ३ मिलिमीटरच्या अक्षरांत छापावी लागते. आपल्याच आडनावाखाली आपणच ही कबुली छापायची, यापेक्षा वाईट लेबल मला सुचत नाही.

याच रांगेत ‘ए-टू’ येतं. देशी गायींचा गोठा असला की हा शब्द नावातच घालायचा मोह होतो. २१ ऑगस्ट २०२४ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ए-वन, ए-टू असे दावे लेबलवरून काढायला सांगितलं आणि २६ ऑगस्टला ती सूचना मागेही घेतली. उत्पादकांनी सुस्कारा सोडला. पण त्या पाच दिवसांच्या सूचनेत एक मुद्दा होता तो विसरू नये. ए-टू हा फरक दुधातल्या बीटा-केसिन या प्रथिनाचा आहे, आणि तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. त्यात प्रथिन नावालाच. म्हणजे हा शब्द दुधाबद्दल निदान काही सांगतो, तुपाबद्दल काहीच नाही. सगळ्या कुटुंबाच्या आडनावात तो घातला तर नेमकी सगळ्यात लांब जाणारी वस्तू खोटं बोलू लागते. एखादी गोष्ट सगळ्या भावंडांना लागू होत नसेल तर ती आडनावात नको. त्या एका पिशवीवर, कायदा त्या वेळी परवानगी देत असेल तेवढीच, असू द्यावी.

तिसरं नाव ‘चरवी’. दुधाचं जुनं पितळी भांडं, अगदी घरगुती शब्द. समितीतल्या म्हाताऱ्यांना तो आवडला. मग कोणी तरी तो फोनवर सांगून पाहिला. पलीकडच्याला ‘चरबी’ ऐकू आलं. चरबीच्या भेसळीच्या बातम्या ज्या मालाच्या मागे कायम लागलेल्या असतात त्या तुपावर हे नाव! नाव कागदावर वाचून पास करू नये. गोंगाटात, फोनवर, आणि मराठी न येणाऱ्या दुकानदाराच्या तोंडून एकदा ऐकावं.

चौथं ‘कासंडी’. दूध काढायचं भांडं. शहरातल्या निम्म्या लोकांना शब्द माहीत नसेल, आणि ते चालेल, कारण आडनावाचा अर्थ माहीत असावा लागत नाही. त्यात गाय नाही, म्हैस नाही, ‘दूध’ किंवा ‘मिल्क’ हा शब्द नाही. (नावातच ‘मिल्क’ असलं की पुढे ‘अमुक मिल्क ताक’ असं काहीतरी छापायची पाळी येते.) ‘कासंडी दही’, ‘कासंडी तूप’, उद्या ‘कासंडी लस्सी’, कुठेच अडत नाही. तुपाच्या डब्यावर ठेवून पाहिलं तर परक्या माणसालाही गावाकडची वस्तू वाटते. समजा, समितीनं हेच घेतलं. मग पहिलं काम छपाईचं नाही, शोधाचं. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर नोंदलेली नावं फुकट शोधता येतात, आणि शोध उच्चारावरूनही घेता येतो. देवनागरीत वेगळं पण रोमन लिपीत सारखं दिसणारं नाव आधीच कोणाचं असू शकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी पाहावं. दूध, दही, ताक, तूप हे सगळं २९ व्या वर्गात येतं, ही या कुटुंबाची सोय. एका अर्जात काम होतं. पुढे कुल्फी किंवा आइस्क्रीम काढायचं मनात असेल तर तो ३० वा वर्ग, वेगळी फी. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. अर्ज जर्नलमध्ये छापून आल्यावर हरकतीसाठी चार महिने असतात, आणि नोंदणी दहा वर्षांची, पुढे वाढवता येणारी.

आडनाव ठरलं. आता फक्त दोन दुधांना नावं हवीत. ‘कासंडी म्हैस’ आणि ‘कासंडी गाय’ हे सगळ्यात सरळ, आणि माझ्या मते तेच ठेवावं. पण समजा, शोभेची नावं हवीच आहेत. मग दुकानदाराची वही डोळ्यांपुढे आणावी. तो पूर्ण नाव लिहीत नाही, पहिलं अक्षर लिहितो आणि पुढे आकडा. ‘शुभ्रा’ आणि ‘शक्ती’ ही नावं घेतली तर दोन्हींचा ‘श’, आणि पहाटे पाच वाजता चुकीचा क्रेट उतरणार. दोन नावांचं पहिलं अक्षर वेगळं हवं आणि जमलं तर लांबीही. ‘गोल्ड’, ‘प्रीमियम’ असं एकाला चढवू नये, कारण त्या दोघांत थोरला-धाकटा नाही. गायीचं दूध घेणारा ते कमी दर्जाचं म्हणून घेत नाही, घरात लहान मूल आहे किंवा पचायला हलकं वाटतं म्हणून घेतो.

लोक तरीही रंगानंच मागणार, हे धरून चालावं. म्हणून नाव, रंग आणि छपाई एकत्र ठरवावी लागते. पिशवीची फिल्म रोटोग्रॅव्हिअरवर छापली जाते तेव्हा प्रत्येक रंगाला एक कोरलेला सिलिंडर लागतो. चार रंगांची पिशवी म्हणजे चार सिलिंडर, आणि पाच वस्तूंच्या पाच वेगळ्या पिशव्या केल्या तर वीस. गावच्या डेअरीला हा खर्च जड जातो. शिवाय छापखाना ठरावीक किलोंपेक्षा कमी फिल्म छापून देत नाही, त्यामुळे ताकासारख्या हंगामी मालाची फिल्म वर्षभर गोदामात पडून राहते. उपाय नावाच्या रचनेतच आहे. आडनाव, चिन्ह आणि गावाचं नाव हे सगळ्या पिशव्यांवर एकाच जागी, एकाच रंगात ठेवावं. जे जे बदलतं, म्हणजे वस्तूचं नाव, फॅटचं प्रमाण, कायद्याचा मजकूर आणि ओळखीचा पट्टा, ते सगळं एका रंगात गोळा करावं. मग नवी वस्तू आली की एकच सिलिंडर नवा, बाकीचे तेच. एक आडनाव ठेवण्याचा सगळ्यात रोकडा फायदा हा आहे. तो भावनेचा नाही, कोरीव कामाच्या बिलाचा आहे.

कायद्याचा मजकूर म्हणजे काय, ते थोडक्यात. आडनाव कितीही मोठं असो, ते वस्तूचं नाव होत नाही. पिशवीवर ‘पाश्चराइज्ड फुल क्रीम दूध’, ‘टोण्ड दूध’ असा दुधाचा कायदेशीर प्रकार स्पष्ट लिहावाच लागतो. टोण्डला किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, गायीच्या दुधाला ३.२ आणि ८.३. शोभेचं नाव याच्या जागी येऊ शकत नाही, फक्त शेजारी बसू शकतं.

आणि वस्तूचं साधं नाव कोणत्या भाषेत? हा प्रश्न हद्दीवरच्या आपल्या डेअरीला चुकत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं दक्षिणेतल्या दूध महासंघांना दह्याच्या पिशवीवर ‘दही’ ठळक छापून प्रादेशिक शब्द कंसात टाकायला सांगितलं. तामिळनाडू आणि कर्नाटकात त्यावरून मोठा विरोध झाला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनीही उघड हरकत घेतली, आणि ३० मार्चला प्राधिकरणानं माघार घेऊन ‘कर्ड’ या शब्दाबरोबर ‘मोसरु’, ‘तयिर’, ‘पेरुगु’, ‘दही’ असा आपापला शब्द कंसात चालेल असं जाहीर केलं. म्हणजे साधे शब्दच सगळ्यात घट्ट रुजलेले असतात. आपल्या डेअरीनं पलीकडच्या गावांसाठी ‘कासंडी’ तसंच ठेवून त्याखाली कन्नडमध्ये ‘मोसरु’ आणि ‘मज्जिगे’ छापावं. आडनावाचं भाषांतर होत नाही, वस्तूच्या नावाचं व्हायलाच हवं. अलीकडच्या बाजूलाही ‘ताक’ की ‘मठ्ठा’ हे ठरवून टाकावं. जिरं-कोथिंबीर-मीठ घातलेलं असेल तर आपल्याकडचा माणूस त्याला मठ्ठा म्हणतो. पिशवीवर नुसतं ‘ताक’ वाचून त्यानं कढीसाठी नेलं तर तो परत येणार.

आता वाईट दिवस. एकाच आडनावाचा धोका एप्रिल-मेमध्ये दिसतो. टेम्पोत बर्फ कमी पडला, दुकानदारानं रात्री फ्रीज बंद ठेवला, आणि दही-ताकाच्या पिशव्या फुगल्या. आतलं विरजण उष्णतेत काम करत राहतं, आंबटपणा वाढतो, आणि बाहेरचे यीस्ट शिरले असतील तर वायू धरतो. ताक हे या कुटुंबातलं सगळ्यात नाजूक मूल आहे, आणि नाव मात्र तेच, जे तुपाच्या डब्यावर आहे. गिऱ्हाईक ‘ताक खराब होतं’ म्हणत नाही, ‘कासंडीचं ताक खराब होतं’ म्हणतो, आणि पुढच्या वाक्यात ‘ताक’ गळून जातं. नाव दुखावलं आहे का, हे ओळखायला तक्रारींची वही पुरत नाही. दोन आकडे शेजारी ठेवावेत: ताकाचा परतावा, आणि त्याच दुकानांतला त्याच आठवड्यातला दुधाचा उठाव. ताक परत येतंय पण दूध तेवढंच जातंय, तर दुखणं ताकाचं. दूधही एक-दोन क्रेटनं खाली आलं, तर दुखणं आडनावाला लागलं.

अशा वेळी समितीत कोणी तरी म्हणतंच: ताकाला वेगळं नाव देऊन टाकू. इथे ‘सागर’ची आठवण होते, पण तो दाखला आपल्याला लागू नाही. महासंघाकडे दुसरं नाव उभं करायला पैसा आणि वितरण दोन्ही होतं. गावच्या डेअरीत दुसरं नाव म्हणजे दुसरा नोंदणी अर्ज, दुसरे सिलिंडर, आणि फुगलेली पिशवी तीच. वेगळं आडनाव द्यायला एकच कारण मला मान्य आहे: माल आपल्या गोठ्यांतला नसेल तर. दुसऱ्या संघाकडून घेतलेलं तूप, बाहेरून आणलेलं पनीर, किंवा ज्यात दुधाच्या फॅटऐवजी तेल आहे असं फ्रोझन डेझर्ट. अशा वस्तूला ‘कासंडी’ लावलं की ती घरातली ठरते, आणि ती घरातली नाही.

ताकासाठी मात्र नावाला हात न लावता करण्यासारखं बरंच आहे. उन्हाळ्यात ताक फक्त स्वतःच्या टेम्पोच्या पहिल्या फेरीत पाठवावं. ज्या दुकानात फ्रीज रात्रभर चालू नसतो तिथे ताक देऊच नये, दूध द्यावं. आणि ‘या तारखेपूर्वी वापरा’ ही तारीख एक दिवस अलीकडे आणावी. त्यानं परतावा काही दिवस वाढलेला दिसेल. दुधाचा उठाव घसरत नसेल तर तो सोसावा.